पावणेचार तासांची मुलाखत आणि आठ मिनिटांचं बोलणं: एका पेपर एडिटचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पानशेतच्या पुरानंतर पुण्यात ज्या पूरग्रस्त वसाहती उभ्या राहिल्या, त्यांपैकी गोखलेनगरच्या वसाहतीवर एक छोटा माहितीपट करायचं काम आमच्याकडे आलं. तिथल्याच काही रहिवाशांनी वर्गणी काढून ते दिलं होतं. अट एकच होती: बारा मिनिटांच्या आत संपवा. सभागृहात भाषणांच्या आधी दाखवायचा होता आणि त्याहून जास्त वेळ कोणी बसणार नाही, हा त्यांचा अंदाज मला तरी बरोबर वाटला.

चार-पाच जणांच्या मुलाखती झाल्या. पहिल्या दोन पाहिल्यावर दिग्दर्शिकेच्या लक्षात आलं की सगळा माहितीपट एकाच व्यक्तीवर तोलता येईल. ही व्यक्ती म्हणजे पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक आजी. १९६१ साली त्या सातवीत होत्या. वडिलांचं नारायण पेठेत, नदीच्या अंगाला, एका बोळात पुस्तकबांधणीचं दुकान होतं. पुरात ते गेलं. पुढे कुटुंब गोखलेनगरला आलं आणि वडिलांनी दुकान पुन्हा कधीच काढलं नाही. आजी मात्र स्वतःच्या स्वतः बांधणी शिकल्या आणि वसाहतीतल्या मुलांची पुस्तकं वर्षानुवर्षं बांधत राहिल्या. त्यांचं नाव आणि ओळख पटेल असे काही तपशील इथे बदलले आहेत.

मुलाखत दोन बैठकांत झाली. पहिली सव्वादोन तासांची, दुसरी दीड तासाची. माझ्याकडे संकलन होतं आणि त्याआधीचा पेपर एडिट दिग्दर्शिका आणि मी मिळून करायचा होता. ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मुलाखत शब्दशः उतरवून घ्यायची, त्यातली हवी ती वाक्यं टाइमकोडसह, म्हणजे फुटेजमधल्या नेमक्या वेळेसह, निवडायची आणि संकलनाच्या सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी कागदावरच त्यांचा क्रम लावायचा. निवडलेल्या प्रत्येक तुकड्याला आम्ही बाइट म्हणतो.

अडचण

उतरवलेली मुलाखत साठेक पानांची झाली, शब्द बावीस हजारांच्या आसपास. बारा मिनिटांच्या माहितीपटात चित्रांना श्वास घ्यायला जागा ठेवायची तर बोलणं आठ, फार तर साडेआठ मिनिटं मावतं. आजींच्या संथ बोलण्याच्या हिशेबानं हे साताठशे शब्द झाले. म्हणजे साठ पानांतून दोन पानं उरवायची होती.

पण खरी अडचण प्रमाणाची नव्हती, असं प्रमाण मुलाखतीत नेहमीचंच असतं. आजींचं बोलणं उत्तम होतं, ही अडचण होती. जवळजवळ प्रत्येक पानावर खूण करावी असं एखादं वाक्य होतं. दोघांनी वेगवेगळं वाचून पहिल्या फेरीत खुणा केल्या, तेव्हा पन्नासेक मिनिटांचा मजकूर हाती लागला. त्यातून क्रम लावायला बसलो, तर काही केल्या गोष्ट उभी राहीना. एकामागून एक सुंदर वाक्यं येत होती, तरी पाचव्या मिनिटाला वाचणारा विचारत होता, ‘हे कोणाबद्दल चाललंय? आता आपण कुठे आहोत?’

कारण शोधायला आम्ही निवडलेल्या सगळ्या बाइट्सच्या चिठ्ठ्या केल्या आणि विषयांऐवजी कामाप्रमाणे त्यांचे गठ्ठे लावले. काय घडलं ते सांगणाऱ्या चिठ्ठ्या एका बाजूला. डोळ्यांपुढे वस्तू किंवा जागा उभी करणाऱ्या दुसरीकडे. घडलेल्या गोष्टीबद्दल आजींना आज काय वाटतं, ते तिसरीकडे. आणि इकडून तिकडे नेणारी, साधी, जोडकामाची वाक्यं चौथीकडे. तिसरा गठ्ठा हातात मावेना. चौथ्यात अवघ्या तीन चिठ्ठ्या होत्या.

कागदावर वाचताना असंच होतं. ‘माणूस घर बांधतो, पण घरपण नशिबानं मिळतं’ असं वाक्य दिसलं की पेन आपोआप खाली जातं. ‘मग आम्ही गोखलेनगरला आलो, मी तेव्हा आठवीत होते’ या वाक्याखाली कोणी रेघ ओढत नाही. बारा मिनिटांत पहिलं वाक्य एकदा चालतं, दुसऱ्या जातीची वाक्यं मात्र सात-आठ लागतात. आम्ही पुन्हा साठ पानं काढली आणि या वेळी फक्त चौथ्या गठ्ठ्यासाठी वाचली. कंटाळवाणं काम आहे, पण मला विचाराल तर पेपर एडिटचा निम्मा जीव त्यात आहे.

कोणते पर्याय होते

क्रमासाठी तीन मांडण्या समोर होत्या.

पहिली, सरळ काळाप्रमाणे: दुकान, पूर, शाळेतला आसरा, गोखलेनगर, आजचा दिवस. वर्गणी काढणाऱ्यांना हीच हवी होती, कारण त्यांच्या मनातला माहितीपट पुराचा होता. पण काळाप्रमाणे लावलं की पूर तिसऱ्या मिनिटाला येऊन जातो आणि त्यानंतरची नऊ मिनिटं उतारावरून घरंगळत गेल्यासारखी वाटतात. शिवाय पुराबद्दलचं आजींचं बोलणं त्यांच्या मुलाखतीतलं सगळ्यात घासून गुळगुळीत झालेलं होतं. साठ वर्षं तेच सांगत आल्यामुळे ते पाठ झालं होतं, आणि आवाजात ते ऐकू येत होतं.

दुसरी, मुलाखत ज्या ओघात झाली तोच ओघ ठेवायची. हिचा विचार आम्ही अर्ध्या संध्याकाळीत सोडून दिला. प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्यात जो क्रम होता, तो पाहणाऱ्याच्या उत्सुकतेचा क्रम असेलच असं नाही.

तिसरी मांडणी एका प्रश्नाभोवतीची होती. वडिलांनी पुन्हा दुकान का काढलं नाही? हा प्रश्न आम्ही बाहेरून लादलेला नव्हता. दोन बैठकांत मिळून आजी तीन वेळा स्वतःहून त्याच्याकडे वळल्या होत्या आणि तिन्ही वेळा उत्तर वेगळं होतं.

पहिल्या बैठकीत अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला त्या म्हणतात, पैसाच नव्हता. कटिंग मशीन चिखलात गंजून गेलं, दाबयंत्र सापडलंच नाही, नवीन कुठून आणायचं? वडील मग खडकीला नोकरीला लागले. त्याच बैठकीत तासाभरानं त्या म्हणतात, डोळ्यांना दिसेनासं झालं होतं, सुईत दोरा ओवता येईना. आणि दुसऱ्या बैठकीत, कॅमेरा चालू आहे हे जवळजवळ विसरल्यावर, हे बोलून जातात:

‘ओल्या कागदाचा वास आला की बाबा उठून बाहेर जायचे. मी खळ लावायला बसले की ते अंगणात जाऊन बसायचे. पाऊस असला तरी. कधी काही म्हणाले नाहीत.’

आम्ही तिसरी मांडणी घेतली. पुराला त्यामुळे जेमतेम पावणेदोन मिनिटं मिळणार होती, आणि याबद्दल मंडळींशी आधीच बोलून घ्यावं लागेल हे उघड होतं.

पहिला निर्णय: तीन उत्तरांचं काय करायचं

सोपा मार्ग म्हणजे सगळ्यात जोरदार उत्तर ठेवून बाकीची दोन काढायची. वासाचं उत्तर एकटंच ठेवलं असतं तर कोणीही आक्षेप घेतला नसता. दिग्दर्शिकेचा कल सुरुवातीला तिकडेच होता. माझं म्हणणं असं होतं की पैशाचं कारण काढलं तर वडील निव्वळ हळवे दिसतील, आणि ते खरं नाही. यंत्रं खरोखर गेली होती. संसार खरोखर अडला होता. आधी व्यवहाराचं कारण ऐकू आलं, पाहणाऱ्यानं मान डोलावली, आणि मग दोन-अडीच मिनिटांनी वासाचं कारण आलं, तर दुसरं पहिल्याला खोटं पाडत नाही, त्याच्या खाली असलेलं दाखवतं. आजींनीही याच क्रमानं सांगितलं होतं. सोपं आधी, अवघड नंतर.

डोळ्यांचं उत्तर आम्ही काढलं, पण ते कमजोर होतं म्हणून नव्हे. मुलाखतीत दुसऱ्या एका ठिकाणी आजी सांगतात की वडिलांचा मोतीबिंदू त्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांतला. दुकान न काढण्याचा निर्णय त्याच्या कितीतरी आधी होऊन गेला होता. आजींच्या मनात दोन काळ एकमेकांत मिसळले होते. तो बाइट ठेवला असता तर आजींच्याच तोंडून आम्ही चुकीचा घटनाक्रम वदवला असता.

तसंच एक वाक्य पुराबद्दलचं होतं: ‘रात्री धरण फुटलं आणि सकाळी उठून बघतो तर पाणी.’ ऐकायला पकड घेणारं आहे. पण पानशेतचं अजून पूर्ण न झालेलं धरण फुटलं ते १२ जुलै १९६१ च्या सकाळी, आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचं जुनं धरणही त्याच दिवशी गेलं. सातवीतल्या मुलीला रात्र आठवते हे समजण्यासारखं आहे. ते तिला घरात कोणी तरी घाबरून जागं केलं त्या वेळचं असेल किंवा नंतर ऐकलेल्या गोष्टींतून आलं असेल. आम्ही मार्ग असा काढला: धरणाबद्दल आजींनी सांगितलेलं काहीच घ्यायचं नाही, तारीख आणि धरणांची नावं पडद्यावर पाटीनं द्यायची. आजींकडून फक्त त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं घ्यायचं. त्यामुळे बोलणं आणखी जवळचं झालं. पूर ओसरल्यावर दुकानात परतल्यावरचा हा बाइट मी आजही नव्या संकलकांना दाखवतो; त्यातले फर्मे म्हणजे शिवून पुस्तक करायचे घडी घातलेले छापील कागद:

‘कपाट उघडेचना. आत कागद फुगला होता ना. बाबांनी पहारीनं फळी काढली. फर्मे असे एकमेकांना चिकटलेले, सोडवायला गेलं की हातात लगदा. वरच्या फर्म्यावर अजून अक्षरं वाचता येत होती. मी वाचली, तर बाबा म्हणाले, नको वाचूस.’

दुसरा निर्णय: ‘त्या दिवसापासून’

पहिल्या मसुद्यात या कपाटाच्या बाइटनंतर आम्ही आईबद्दलचं एक वाक्य लावलं होतं: ‘त्या दिवसापासून आईनं कागदाची एक वस्तू जमिनीवर ठेवली नाही. वह्यासुद्धा खुंटीला पिशवीत.’ कागदावर हे दोन तुकडे जणू एकमेकांसाठीच बोलले गेले होते. दोघांनाही आवडले. कोणीही वाचून शंका घेतली नसती.

आमच्याकडे एक शिरस्ता आहे. पेपर एडिट पक्का करण्याआधी प्रत्येक बाइटच्या मागचं आणि पुढचं अर्धं ते एक मिनिट मूळ फुटेजमध्ये ऐकायचं. मजकुरात वाचायचं नाही, ऐकायचं. तसं ऐकताना कळलं की ‘तो दिवस’ पुराचा नव्हताच. गोखलेनगरला आल्यावरच्या एका पावसाळ्यात घरात खालून पाणी झिरपलं आणि आजींनी बांधायला घेतलेल्या शेजारच्या मुलांच्या वह्या भिजल्या. आई त्या रात्री हबकली होती.

आता हे बदलायचं का? एक बाजू अशी होती की भावना तर तीच आहे. पुराचीच भीती त्या रात्री वर आली, मग वाक्य चार मिनिटं आधी आलं तर काय बिघडलं? मला हा युक्तिवाद धोक्याचा वाटतो. ‘तो’, ‘त्या’, ‘तसं’, ‘तेव्हापासून’ हे शब्द मुलाखतीत कशाला तरी बांधलेले असतात. बाइट उचलताना ती गाठ सुटते आणि आपण तो शेजारी जिथे ठेवू, त्याच्याशी नवी गाठ आपसूक बसते. बोलणाऱ्याचा एक शब्दही न बदलता आपण त्याच्याकडून वेगळं विधान करवून घेतो. आजी पडद्यासमोर बसल्यावर हे त्यांना लगेच कळलं असतं, आणि शेजारणीला कळण्याआधी त्यांना कळलं असतं.

वाक्य आम्ही त्याच्या जागी, गोखलेनगरच्या भागात नेलं. गंमत म्हणजे तिथे एक भोक होतंच. निसन हटचं, म्हणजे वसाहतीतल्या पत्र्याच्या अर्धगोल घराचं, वर्णन आणि आजींची बांधणी यांच्यामध्ये जोड मिळत नव्हता. घराच्या अर्धगोल भिंतीला कपाट टेकवताच येत नसे, असं आजी सांगतात, मग वह्या भिजल्याची रात्र, मग खुंटीला लटकलेली पिशवी, आणि तिथून सरळ खळीच्या पातेल्यापर्यंत. चौथ्या गठ्ठ्याची एक चिठ्ठी अशी सापडली.

याच शिरस्त्यातून आम्ही स्वतःला घालून घेतलेली मर्यादाही सांगून ठेवतो. एका उत्तरातला पाल्हाळ, अडखळणं, मधलं खोकणं काढतो, आणि ती जागा हातांच्या किंवा वस्तूंच्या शॉटनं झाकतो. वेगवेगळ्या विषयांवरच्या दोन उत्तरांतले अर्धे-अर्धे तुकडे जोडून तिसरंच वाक्य तयार करत नाही. कागदावर असं वाक्य तयार करणं भयंकर सोपं असतं, कारण कागदावर आवाज नसतो.

तिसरा निर्णय: कागदावरून कानावर

दुसरा मसुदा कागदावर आठ मिनिटं वीस सेकंदांचा होता. शब्द मोजून काढलेला हा आकडा. टाइमलाइनवर फक्त आवाज लावून पाहिला, ज्याला आम्ही रेडिओ कट म्हणतो, तर तो अकरा मिनिटांच्या जवळ गेला. आजी बोलताना थांबतात. शब्द मोजणाऱ्याला हे थांबणं दिसत नाही. तेव्हापासून मी पेपर एडिटच्या तक्त्यात शब्दसंख्या लिहीतच नाही. प्रत्येक बाइटचा सुरुवातीचा आणि शेवटचा टाइमकोड लिहून वजाबाकी करतो. आपल्याकडे सेकंदाला पंचवीस फ्रेम धरायच्या. पेपर एडिटसाठी मात्र फ्रेमपर्यंत जायची गरज नसते, सेकंद पुरतात.

अडीच मिनिटं कापायची होती, पण त्याआधी आणखी एक गोष्ट कानावर पडली. सहा-सात बाइट संपतच नव्हते. उतरवताना जिथे पूर्णविराम दिला होता, तिथे आजींचा आवाज वर चढत होता. ‘आम्ही तिथे चार महिने राहिलो ना’ या वाक्यातला ‘ना’ पुढच्या वाक्याकडे हात दाखवतो. तिथे कापलं की बोलणाऱ्याचं तोंड मध्येच दाबल्यासारखं वाटतं. पुढचं वाक्य घ्यावं तर ते भलतीकडे जातं. अशा बाइटला दोनच इलाज आहेत. तीच गोष्ट त्यांनी दुसरीकडे कुठे सांगितली आहे का ते शोधायचं, तिथला सूर खाली उतरला असेल तर तो बाइट घ्यायचा, नाहीतर त्याच्यावर पाणी सोडायचं. वाचताना मला सगळ्यात प्रिय असलेलं वाक्य, घर आणि घरपणाचं ते, याच कारणानं गेलं. आजी ते म्हणताना हसत होत्या आणि शेवटचा शब्द हसण्यात बुडाला होता.

उलटही झालं. साठ पानांत कोणीही खूण न केलेलं एक वाक्य रेडिओ कट करताना शेजारच्या बाइटसोबत ऐकू आलं. वासाचं उत्तर संपल्यावर बराच वेळ शांतता आहे आणि मग आजी म्हणतात, ‘एकदा मात्र माझं पुस्तक हातात घेतलं. उलटंपालटं केलं. कण्यावर अंगठा दाबला. शिलाई सैल आहे, एवढंच म्हणाले.’ कागदावर ही साधी आठवण वाटते. आवाजात, बांधणी करणाऱ्या माणसाची मुलगी त्या एका वाक्यावर किती वर्षं जगली असेल ते ऐकू येतं. शेवट तोच ठरला. त्यासाठी आधी कणा आणि शिलाई हे शब्द पाहणाऱ्याच्या ओळखीचे व्हायला हवे होते, म्हणून दुकानाच्या वर्णनात फर्मे शिवण्याचा एक बाइट परत आणला.

क्रम शेवटी असा बसला. पडद्यावर लागणाऱ्या पाट्या आणि मोकळी चित्रं इथे वगळली आहेत.

१. बैठक २, ००:३१:१० – खळ शिजवणं. ‘मोरचूद घालायचं चिमूटभर, नाहीतर झुरळं खातात. हे बाबांनी शिकवलं नाही मला. बघून शिकले.’
२. बैठक १, ००:०९:४० – नारायण पेठेतलं दुकान, फर्मे, शिलाई, कणा.
३. बैठक १, ००:२२:०५ – पाणी ओसरल्यावरचं कपाट.
४. बैठक १, ००:४८:२० – पैशाचं कारण, खडकीची नोकरी.
५. बैठक १, ०१:१६:३० – गोखलेनगर, अर्धगोल भिंत.
६. बैठक २, ००:१८:४५ – भिजलेल्या वह्या, आईची खुंटी.
७. बैठक २, ०१:०२:३० – वास आणि अंगण.
८. बैठक २, ०१:०३:५० – ‘शिलाई सैल आहे.’

पहिल्या बाइटमधलं ‘बाबांनी शिकवलं नाही’ हे वाक्य सुरुवातीलाच ठेवण्यामागे हेतू होता. पाहणाऱ्याला तिथेच विचारावंसं वाटतं, का नाही शिकवलं? पुढची सगळी मांडणी त्या ‘का’वर चालते.

एक जोड मात्र मिळालाच नाही. चौथ्यातून पाचव्यात जाताना नारायण पेठेतून गोखलेनगरला कुटुंब कसं आलं, हे आजी एका दमात कुठेच सांगत नाहीत. ‘हो, मग तिकडेच’ असं उत्तर आहे, कारण प्रश्नातच सगळं आलं होतं. पाटी टाकता आली असती, पण दोन पाट्या आधीच होत्या. दिग्दर्शिका आजींकडे पुन्हा गेली, फक्त आवाज ध्वनिमुद्रित करायला. ‘आजी, मी विचारलंच नाही असं समजा, आणि तुम्ही गोखलेनगरला कशा आलात ते सांगा.’ आजी म्हणाल्या, ‘अगं, सांगितलं की मागे!’ मग पुन्हा सांगितलं. साडी वेगळी, उजेड वेगळा, म्हणून चित्र घेतलं नाही. आवाज मात्र थोडा वेगळा लागला. पहिल्या खोलीत पंखा बंद करून अर्धा मिनिट नुसती शांतता ध्वनिमुद्रित करून ठेवली होती, ती खाली घातल्यावर सांधा बराचसा बुजला.

परिणाम

माहितीपट साडेअकरा मिनिटांचा झाला. आठ बाइट आणि तो एक नवा आवाज मिळून बोलणं सव्वाआठ मिनिटांच्या आसपास राहिलं. पेपर एडिटच्या शेवटच्या मसुद्यापासून अंतिम संकलनापर्यंत क्रम एकदाही बदलावा लागला नाही, फक्त पाचवा बाइट चित्रांसाठी थोडा आखूड केला.

आजींना आम्ही सभागृहाच्या आधी घरी दाखवला. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली: एका शॉटमध्ये जे पुस्तक दिसतं ते त्यांनी बांधलेलं नाही, ‘ती शिलाई यंत्राची आहे’. तो शॉट बदलला. वासाच्या बाइटवर आम्ही मुद्दाम विचारलं, कारण ते त्या नकळत बोलून गेल्या होत्या. त्यांनी थोडा विचार केला आणि राहू दे म्हणाल्या. नको म्हणाल्या असत्या तर माहितीपटाचा कणाच मोडला असता, आणि तरीही काढावा लागला असता. हे आम्ही पेपर एडिटच्या वेळीच विचारायला हवं होतं का, यावर दिग्दर्शिकेचं आणि माझं अजून एकमत नाही. तिचं म्हणणं, सुट्या वाक्याबद्दल विचारलं तर माणूस घाबरतो. पूर्ण संदर्भात पाहिलं तर नीट ठरवू शकतो. माझं म्हणणं, पूर्ण झालेलं काम समोर ठेवून विचारलं की नाही म्हणणं जड जातं.

वर्गणीदारांपैकी दोघांची तक्रार होती की पूर फार कमी दिसला. ती अपेक्षित होती. त्यांच्यासाठी पुराच्या उरलेल्या बाइट्सचा वीसेक मिनिटांचा वेगळा तुकडा करून दिला, काळाप्रमाणे लावून. चिठ्ठ्या आणि टाइमकोड तयार असल्यामुळे त्याला फारसा वेळ लागला नाही.

पुन्हा करायचं झालं तर

उतरवून घेणाऱ्या मुलीला आम्ही काहीच सूचना दिल्या नव्हत्या. तिनं आपल्या परीनं भाषा नीट केली, ‘ना’, ‘म्हणजे’, ‘का नाही’ गाळले, अर्धी वाक्यं पूर्ण केली. तिचा दोष नाही, कोणीही सुशिक्षित माणूस हेच करेल. पण त्यामुळे कोणता बाइट संपतो आणि कोणता लटकतो, हे कागदावर कळायची शक्यताच गेली. आता आम्ही लिहूनच देतो: ऐकू येईल तसं उतरवा, तीन सेकंदांहून मोठी शांतता कंसात नोंदवा, हसणं नोंदवा, आवाज वर राहिला तर पूर्णविराम न देता आडवी रेघ द्या, आणि दर परिच्छेदाला टाइमकोड लिहा. उतरवायचा खर्च थोडा वाढतो. रेडिओ कटमध्ये वाया जाणारा वेळ त्याहून महाग पडतो.

दोन बैठकांच्या मध्ये पहिली बैठक वाचून झाली असती, तर गोखलेनगरच्या जोडासाठी आजींना पुन्हा त्रास द्यावा लागला नसता, आणि डोळ्यांच्या उत्तरातला काळाचा घोळही तिथल्या तिथे विचारून सुटला असता. दुसरी बैठक लगेच ठरली होती, त्यामुळे तेवढी फुरसत मिळाली नाही. आता दोन बैठकांत निदान इतकं अंतर ठेवायचा आग्रह धरतो की पहिलीची फक्त जोडकामाची वाक्यं वाचून व्हावीत.

चिठ्ठ्यांचे चार गठ्ठे मात्र आता पहिल्याच फेरीत करतो. खूण करतानाच समासात घ, व, म किंवा ज लिहायचं: घटना, वस्तू, मत, जोड. पाच-सहा पानं उलटली आणि एकही ज आला नाही, की तिथूनच मागे फिरून पुन्हा वाचायला घ्यायचं.